शून्य विक्रीवर मार्जिन किती टक्के?

सांगलीतला माझा एक मित्र फरसाणाच्या डिस्ट्रिब्युटरकडे हिशोब बघतो. परवा त्याने महिन्याच्या मार्जिन रिपोर्टचा स्क्रीनशॉट पाठवला, त्यात चिवड्यासमोर -Infinity आणि शेवेसमोर NaN, आणि खाली विचारलेलं, "हा व्हायरस आहे का रे?" व्हायरस नाही. कॉम्प्युटर खरं बोलतोय, फक्त आपल्याला ऐकायची सवय नाही.

त्या महिन्याचे आकडे असे. लाडू ९००० ला विकले, खर्च ८१००. चकली १००० ला, खर्च ५००. चिवडा स्कीममध्ये फुकट दिला, म्हणजे विक्री ०, खर्च २५०. शेव हललीच नाही, दोन्हीकडे ०. मार्जिन टक्के म्हणजे विक्रीतून खर्च वजा करायचा, विक्रीने भागायचं आणि शंभराने गुणायचं. लाडू १०%, चकली ५०%, इथपर्यंत ठीक.

आता चिवडा. खर्च २५० तसाच ठेवा आणि विक्री हळूहळू कमी करत न्या. विक्री १०० असेल तर मार्जिन -१५०%, १० असेल तर -२४००%, १ रुपया असेल तर -२४९००%, म्हणजे खाली खाली जातच राहतं, कुठे थांबत नाही. पण गंमत पुढे आहे. समजा गिऱ्हाइकाने माल परत केला आणि निव्वळ विक्री झाली उणे १ रुपया. वर उणे २५१, खाली उणे १, उत्तर चक्क +२५१००%! तोटा वाढला आणि मार्जिन आकाशाला भिडलं. शून्याकडे एका बाजूने आलं तर उणे अनंत, दुसऱ्या बाजूने आलं तर अधिक अनंत, मग बरोबर शून्यावर काय लिहायचं? काहीच नाही, कारण तिथे उत्तरच नाही.

शेवेचं प्रकरण वेगळं आहे. भागाकार म्हणजे उलटा गुणाकार, ० भागिले ० म्हणजे "शून्याला कशाने गुणलं की शून्य येईल?" तर कशानेही, ७ ने पण आणि ७० ने पण. म्हणून कॉम्प्युटर NaN म्हणतो, म्हणजे "हा आकडाच नाही". कॉम्प्युटर अपूर्णांक ज्या फ्लोट प्रकारात साठवतो त्याचं IEEE 754 हे १९८५ चं स्टँडर्ड आहे, त्यात ही दोन्ही उत्तरं मुद्दाम ठेवलीत, एवढंच नाही तर अधिक शून्य आणि उणे शून्य अशी दोन शून्यंही आहेत, -२५० ला उणे शून्याने भागलं की +Infinity येतं (इथे डोकं गरगरलं तर पुढच्या पॅऱ्यावर या, काही बिघडत नाही). एक्सेल मात्र दोन्हीला सरसकट #DIV/0! म्हणतं, आणि SQL Server तर नेहमीच्या सेटिंगला एरर देऊन क्वेरीच थांबवतो.

आता व्हॉट्सअ‍ॅपवर "अनंत आपणच शोधला, कॉम्प्युटर त्यावरच चालतो" असं फिरत असतं ना, त्यातलं खरं एवढंच की भास्कराचार्यांनी १२ व्या शतकात शून्याने भागलेल्या संख्येला 'खहर' म्हटलं आणि त्यात काही मिळवलं किंवा वजा केलं तरी ती बदलत नाही असं सांगितलं, हे खरोखर सुंदर आहे. पण त्याआधी ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी ० भागिले ० म्हणजे ० असंही लिहिलं होतं. ते चूक होतं. आपल्या ऑफिसांत आजही हीच चूक करतात, एक्सेलमध्ये IFERROR लावून एररच्या जागी ० दाखवतात!

माझ्या मित्रानेही तेच केलं, दोन्ही ठिकाणी ० टाकून मोकळा झाला. मग सरासरी काढली, १०, ५०, ०, ० मिळून १५%. मालक खूश. पण ०% मार्जिन म्हणजे "घेतल्या भावाला विकलं", चिवड्यात तर २५० रुपये गेलेत. बरं, ती दोन शून्यं काढली तर सरासरी ३०%, ते तर आणखीच खोटं, कारण हजाराची चकली आणि नऊ हजाराचे लाडू एकाच तराजूत. टक्क्यांची सरासरी काढायचीच नाही. सगळी विक्री १००००, सगळा खर्च ८८५०, उरले ११५०, मार्जिन ११.५%. चिवड्याचे २५० यात आपोआप आले.

ओळीवर मात्र जागा रिकामी सोडायची. पॉवर बीआयमध्ये तिरक्या रेघेऐवजी हे वापरलं की भाजक शून्य असताना रिकामं येतं:

```
DIVIDE([Sales] - [Cost], [Sales])
```

SQL मध्ये भाजकाला `NULLIF(sales, 0)` असं गुंडाळायचं.

एक खाच राहतेच. रकमा फ्लोटमध्ये साठवल्या असतील तर विक्री आणि परतावा तंतोतंत कटत नाहीत, 0.1 + 0.2 - 0.3 केलं तर शून्य न येता 5.55e-17 असा कण उरतो. तो शून्य नाही, म्हणून वरची दोन्ही कुंपणं तो पार करतो आणि रिपोर्टमध्ये वीस-एकवीस आकडी टक्का उमटतो. असा राक्षसी आकडा दिसला की आधी कॉलमचा प्रकार बघा, पैशांना डेसिमल हवं.

मित्राने आता टक्क्यांशेजारी मार्जिन रुपयांत पण लावलंय. चिवड्यासमोर टक्का रिकामा, बाजूला -२५०. मालकाने पहिला प्रश्न विचारला तो स्कीमबद्दल.