केमोथेरपीतला थकवा झोपून का जात नाही

"केमो चालू आहे, अशक्तपणा आहे, म्हणून पूर्ण विश्रांतीच घ्यायची ना?"

नाही. दिवसभराच्या कामाचा शीण रात्रीच्या झोपेने उतरतो. कर्करोगाशी निगडित थकवा मात्र केलेल्या श्रमांच्या मानाने कितीतरी जास्त असतो आणि झोपूनही तसाच राहतो. उलट, सतत पडून राहिल्याने स्नायू क्षीण होतात आणि थोड्या हालचालीनेही दम लागू लागतो.

म्हणून आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासावे, वेदना, झोप आणि नैराश्य यांविषयी डॉक्टरांशी बोलावे, कारण ही कारणे उपचाराने सुधारू शकतात. त्यानंतर सर्वांत भक्कम पुरावा आहे तो व्यायामाचा, टॉनिकांचा नव्हे. समजा, दर तीन आठवड्यांनी केमो घेणाऱ्या बाईंना पहिले काही दिवस सर्वाधिक गळाल्यासारखे वाटते. त्या दिवसांत घरातल्या घरात पाच-दहा मिनिटे फिरावे, मग बोलता येईल इतक्याच वेगाने चालत हळूहळू अर्ध्या तासापर्यंत जावे. दुपारची झोप अर्ध्या तासापेक्षा जास्त घेऊ नये. ताप, छातीत दुखणे किंवा चक्कर असल्यास चालणे थांबवून लगेच डॉक्टरांना कळवावे. प्लेटलेट फार कमी असल्यास किंवा रोग हाडांत पसरला असल्यास व्यायाम त्यांना विचारूनच ठरवावा.