आपला ई-मेल सकाळी आठ वाजता आमच्याकडे कसा हाताळला जातो
(यूपीएस व बॅटरी देखभाल करारातील ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आपण पाठवलेली तक्रार आमच्या सामाईक मेलबॉक्समध्ये येते आणि भोसरी येथील कार्यालयातील सहा जणांना तो मेलबॉक्स उघडता येतो. पूर्वी आम्ही न वाचलेल्या मेलच्या ठळक अक्षरांवरूनच शिल्लक काम ओळखत असू. एकाने घरून मोबाइलवर मेल उघडला की ती अक्षरे साधी होत आणि उरलेल्या पाच जणांचा समज होई की तो कोणीतरी हाती घेतला आहे. याच कारणाने एका ग्राहकाचा मेल चार दिवस तसाच पडून राहिला होता. त्यात चूक सर्वस्वी आमची होती आणि त्यानंतर आम्ही पुढील पद्धत सुरू केली.

सकाळची पाळी आठ वाजता सुरू होते. पहिला अर्धा तास एकच कर्मचारी मेलबॉक्स पाहतो आणि त्या वेळात तो दुसरे कोणतेही काम घेत नाही. तो आधी संपूर्ण यादीवरून नजर फिरवून कुठे पुरवठा बंद पडला आहे का, हे पाहतो आणि मग सर्वांत जुन्या मेलपासून एकेक मेल वाचतो. मात्र एकाच ग्राहकाचे रात्रीतून तीन मेल आले असतील, तर शेवटचा वाचल्याशिवाय पहिल्यावर निर्णय घेत नाही, कारण रात्री दोनला कळवलेला बिघाड पाच वाजता दूर झालेला असू शकतो. वाचलेल्या प्रत्येक मेलचे काम कामांच्या नोंदवहीत चढते. त्या नोंदीत जबाबदार व्यक्तीचे एकच नाव, पुढची नेमकी कृती आणि ती कधीपर्यंत व्हायची ती वेळ असते. ‘सेवा विभाग’ असे नाव आम्ही चालवून घेत नाही, कारण विभागाला सोपवलेले काम पुन्हा कोणाचेच राहत नाही. नोंद झाली की मेल मुख्य यादीतून हलवला जातो. त्यामुळे साडेआठला तिथे एकही मेल उरलेला नसावा, हीच काम पूर्ण झाल्याची आमची खूण आहे.

सर्वाधिक काळजी लागते ती एकाच मेलमध्ये दोन विषय असतात तेव्हा. चाकणच्या एका कारखान्यातून मंगळवारी रात्री मागील महिन्याच्या बिलाबाबतच्या जुन्या मेलला उत्तर आले, असे समजा. विषयाच्या ओळीत बिलाचाच उल्लेख आहे आणि मजकूर जीएसटी क्रमांकाच्या दुरुस्तीबद्दल आहे. अगदी शेवटी मात्र एक वाक्य आहे: ‘ता.क. यूपीएस दोन दिवसांपासून बायपासवर दिसतो आहे, आणि गुरुवारी देखभालीसाठी आमच्याकडे वीज बंद राहणार आहे.’ बायपासवर असताना यंत्रांना वीज थेट मुख्य पुरवठ्यातून मिळते आणि बॅटरीचा आधार नसतो. त्यामुळे वरवर सगळे सुरळीत दिसले, तरी गुरुवारी वीज जाताच सर्व्हर त्याच क्षणी बंद पडतील. हा मेल ‘बिल’ म्हणून एकच काम झाला असता, तर दुरुस्त बिल पाठवताच ते काम बंद झाले असते आणि यूपीएसची तक्रार त्याखाली दबली असती. म्हणून बुधवारी सकाळी त्याची दोन कामे होतात. बिलाचे काम लेखा विभागातील एका व्यक्तीच्या नावे, शुक्रवारपर्यंत. यूपीएसचे काम एका तंत्रज्ञाच्या नावे, बुधवारी दुपारपर्यंत. ही दुसरी मुदत मेल कधी आला यावरून नव्हे, तर वीज कधी जाणार यावरून ठरलेली आहे.

आपल्याला अशा वेळी दोन वेगळे क्रमांक मिळतील, उदाहरणार्थ PS-2417 आणि PS-2418. मेल पोहोचताच आपोआप जाणारी पोच आम्ही विचारपूर्वक बंद केली आहे, कारण ती मिळाली की कोणीतरी मेल वाचला असा समज होतो आणि प्रत्यक्षात तसे झालेले नसते. आमचा क्रमांक माणसाने मेल वाचल्यावरच निघतो आणि त्यासोबत जबाबदार व्यक्तीचे नावही कळवले जाते. रात्री पाठवलेल्या मेलचा क्रमांक सकाळी नऊपर्यंत आला नाही, तर कृपया फोन करावा. मेल स्पॅममध्ये गेला असण्याची किंवा मोठ्या छायाचित्रांमुळे परत आला असण्याची शक्यता असते.

काही कामे आपल्या उत्तरासाठी किंवा सुट्या भागासाठी थांबतात. अशा प्रत्येक नोंदीवर पुन्हा पाहण्याची तारीख घालणे आम्ही बंधनकारक केले आहे, कारण तारीख नसलेली ‘प्रतीक्षेत’ ही नोंद विस्मरणात जाते.

आपल्याकडून तीनच गोष्टींची विनंती आहे. नव्या तक्रारीसाठी नवा मेल लिहावा आणि चालू कामाविषयी लिहिताना विषयाच्या ओळीतील क्रमांक तसाच ठेवावा. तसेच ओळखीच्या तंत्रज्ञाच्या वैयक्तिक पत्त्यावर तक्रार पाठवू नये; तो रजेवर असेल, तर ती दुसऱ्या कोणालाही दिसत नाही.

रात्री आठ ते सकाळी आठ या वेळेत मेलबॉक्स कोणीही पाहत नाही. या काळात यूपीएस पूर्ण बंद पडला, बॅटरी फुगली किंवा जळका वास आला, तर मेल न लिहिता करारपत्रावरील रात्रीच्या क्रमांकावर थेट फोन करावा.