गाडीखाली ऑइल: टॅपेट कव्हरचं पॅकिंग की मागचं क्रँक सील?

गाडी लिफ्टवर चढवली की इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर ऑइलचा थेंब लोंबताना दिसतो आणि मेकॅनिक म्हणतो, "क्रँक सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." तो म्हणतो ते खरंही असेल. पण एवढ्याशा पुराव्यावर गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका, कारण टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून झिरपलेलं ऑइलही बऱ्याचदा त्याच सांध्यावर येऊन टपकतं.

टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनच्या डोक्यावरचं झाकण. त्याखाली रबराचं पॅकिंग असतं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते कडक होतं आणि कव्हरच्या कडेने ऑइल पाझरू लागतं. हे ऑइल इंजिनच्या अंगावरून खाली उतरतं, चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे सरकतं आणि सगळ्यात खालच्या कंगोऱ्यावर जमतं. मागचं क्रँक सील बसतं क्रँकशाफ्टच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला, फ्लायव्हीलच्या मागे. ते गळलं तर ऑइल बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या क्लच झाकणाऱ्या कवचाच्या, आत पडतं आणि तळाच्या फटीतून बाहेर येतं. दोन्ही वाटा वेगळ्या असल्या तरी फरशीवरचा डाग जवळपास एकाच जागी पडतो. म्हणून डाग पाहून निर्णय होत नाही. ऑइलने ओली झालेली सर्वात उंच जागा शोधावी लागते.

समजा एक लाख किलोमीटर झालेली, मॅन्युअल गिअरची पेट्रोल हॅचबॅक आहे. इंजिन आडवं बसवलेलं, आणि ठिपके गिअरबॉक्सच्या बाजूला पडताहेत. इंजिन थंड असताना बॉनेट उघडा आणि टॅपेट कव्हरच्या संपूर्ण कडेवरून बोट फिरवा. केबिनकडची मागची कड आणि गिअरबॉक्सकडचे कोपरे नीट तपासा. ते सहज दिसत नाहीत, तेव्हा छोटा आरसा किंवा मोबाइलचा कॅमेरा वापरा. बोटाला धुळीत कालवलेलं काळं चिकट ऑइल लागलं, तर संशय टॅपेट कव्हरच्या पॅकिंगवर जातो. एखादा स्पार्क प्लग काढल्यावर त्याच्या खोबणीत ऑइल साचलेलं दिसलं, तर प्लगभोवतीची सीलही थकली आहेत. एक्झॉस्टवर ऑइल पडत असेल, तर सिग्नलला थांबल्यावर जळका वास येतो. क्रँक सीलच्या गळतीत असा वास सहसा येत नाही.

जुनी गळती सगळीकडे पसरलेली असते, म्हणून पुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची. डिग्रीजरने इंजिनची मागची बाजू आणि बेल हाउसिंग धुऊन पूर्ण कोरडं करा. वायरिंग आणि अल्टरनेटरवर पाण्याचा झोत मारू नका. मग टॅपेट कव्हरच्या कडेखाली टाल्कम पावडर भुरभुरा, गाडी अर्धा तास चालवा आणि पुन्हा बघा. पावडरीत वरून खाली ओघळ उमटले, तर गळती वरूनच आहे. वरची बाजू, हेडचा सांधा, ऑइल प्रेशर स्विच आणि इंजिनच्या तळाच्या ऑइल चेंबरचं पॅकिंग, सगळं कोरडं राहून फक्त बेल हाउसिंगच्या तळाशी ताजं ऑइल आलं, तर मात्र क्रँक सीलचा संशय पक्का होत जातो. क्लच घसरू लागला किंवा सोडताना गाडी थरथरू लागली, तर तो आणखी बळावतो, कारण आत पडणारं ऑइल क्लच प्लेटवर उडू शकतं.

तरीही गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील वगळायला हवं. तेही बेल हाउसिंगच्या आतच गळतं, पण ते गिअर ऑइल असतं. त्याला गंधकासारखा उग्र वास येतो आणि इंजिन ऑइलची डिपस्टिकवरची पातळी त्याने कमी होत नाही.

दोन्ही दुरुस्त्यांच्या खर्चात मोठा फरक आहे. टॅपेट कव्हरचं पॅकिंग बहुतेक चार सिलिंडरच्या गाड्यांत वरूनच, तासा-दोन तासांत बदलतं. त्यात मुख्य धोका असतो: बोल्ट जोरात आवळण्याचा. ते साधारण 8 ते 11 न्यूटन-मीटर इतकेच आवळायचे असतात (आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा). जास्त आवळले तर प्लास्टिकचं कव्हर वाकतं आणि गळती वाढते. अनेक इंजिनांत कोपऱ्यांवर सिलिकॉन सीलंटचा एकेक ठिपका द्यावा लागतो. तो विसरला तर नवं पॅकिंगही तिथूनच पाझरतं.

क्रँक सीलसाठी मात्र गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील काढावं लागतं. त्यामुळे आधी इंजिनच्या आतल्या वायूंना वाट देणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि ब्रीदरचा पाइप तपासून घ्या. ते तुंबले की क्रँककेसमध्ये दाब साचतो आणि तो वरच्या पॅकिंगमधूनही ऑइल ढकलतो, मागच्या सीलमधूनही. इंजिन आयडलवर असताना ऑइल भरायचं झाकण उघडल्यावर हवा जोरात बाहेर फेकली जात असेल, तर एकतर ब्रीदर तुंबलाय किंवा पिस्टन रिंग झिजल्यात. हे कारण तसंच राहिलं तर नवं सीलही पुन्हा गळेल. आणि गिअरबॉक्स खाली आलाच, तर ऑइलने भिजलेली क्लच प्लेट पुसून परत बसवू देऊ नका. तिच्या अस्तरात ऑइल मुरलेलं असतं आणि ती पुन्हा घसरते. क्रँकच्या ज्या पट्ट्यावर सीलची कड टेकते, तिथे खाचही बघून घ्या. नखाला ती स्पष्ट लागत असेल, तर नवं सील किंचित आत किंवा बाहेर सरकवून बसवता येईल का, हे सील ठोकण्याआधीच ठरवावं लागतं.