खळ्याचा आकार आणि पाऊस

"चंद्राचे खळे लांब तर पाऊस जवळ, आणि खळे जवळ तर पाऊस लांब, हे खरे का?"

नाही, खरे खळे लहानमोठे होतच नाही. उंचावरच्या पातळ ढगांतील षट्कोनी हिमस्फटिकाच्या एका बाजूने शिरून, लगतची बाजू सोडून पुढच्या बाजूने बाहेर पडणारा प्रकाश किमान 22 अंशांनी वळतो आणि त्याच कोनाजवळ एकवटतो; म्हणून हात लांब करून ताणलेल्या वितीएवढी त्याची त्रिज्या कायम राहते. चपटे स्फटिक आडवे तरंगत असतील, तर क्षितिजाजवळच्या सूर्याच्या दोन्ही बाजूंना साधारण तेवढ्याच अंतरावर प्रतिसूर्य, म्हणजे सूर्यासारखे तेजस्वी ठिपके, उजळतात. चंद्राला चिकटलेले छोटे, रंगीत कडे मात्र बहुधा ढगातील सूक्ष्म जलथेंबांनी केलेल्या विवर्तनाचे, म्हणजे थेंबांच्या कडांपाशी प्रकाश वळून पसरण्याचे, असते, आणि थेंब जितके बारीक तितके ते मोठे दिसते. पावसाच्या अंतराशी त्याचा संबंध नाही.