मशीन लर्निंगच्या निकालांचे व्यवस्थापकांपुढील सादरीकरण

मशीन लर्निंगचे प्रारूप किती बरोबर ठरते, नेमके कुठे चुकते आणि त्या चुकांची किंमत धंद्याला किती पडते, हे निर्णय घेणाऱ्या माणसाला त्याच्या रोजच्या भाषेत सांगण्याच्या पद्धतीला हे नाव आहे. प्रिसिजन, रिकॉल, एफ-१ असे प्रारूपाची कामगिरी मोजणारे शब्द तंत्रज्ञांच्या आपसांतल्या बोलण्यात योग्यच आहेत. परंतु आंब्याच्या पॅकहाउसच्या व्यवस्थापकाला फळ पाठवायचे की अडवायचे एवढेच ठरवायचे असते आणि त्या शब्दांवरून त्याला ते ठरवता येत नाही.

कोकणातील हापूसचा साका हे याचे चांगले उदाहरण आहे. साक्यात कोयीभोवतीचा गर पांढरट, स्पंजासारखा व आंबट राहतो, आणि फळ कापेपर्यंत बाहेरून काहीही दिसत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम व हापूस यांच्या संकरातून साकामुक्त ‘रत्ना’ ही जात काढली. तरी बाजार हापूसच मागतो, म्हणून न कापता, क्ष-किरणांनी किंवा अवरक्त किरणांनी साका ओळखण्याचे प्रयत्न होत आले आहेत.

समजा, रत्नागिरीजवळच्या एका पॅकहाउसमध्ये मशीन लर्निंगच्या प्रारूपावर चालणारे असे यंत्र १,००० फळांवर तपासले आणि नंतर सर्व फळे कापून पाहिली. त्यांत ८० फळे साक्याची निघाली. यंत्राने त्यांपैकी ६० पकडली, २० निसटली आणि ९२० चांगल्या फळांपैकी ४६ विनाकारण अडवली गेली. एकूण ९३४ फळांबाबत यंत्र बरोबर ठरले, म्हणजे अचूकता ९३.४ टक्के. हा आकडा एकटा सांगणे ही या क्षेत्रातील सर्वांत घातक चूक आहे, कारण यंत्र न बसवता प्रत्येक फळाला ‘चांगले’ म्हणणाराही ९२ टक्के बरोबर ठरला असता. म्हणून अचूकतेशेजारी ‘काहीच न केल्यास’ येणारा आकडा ठेवावाच लागतो.

यापेक्षा खोक्यांचा हिशेब लवकर समजतो. साक्याची फळे सर्वत्र सारखी विखुरलेली आहेत असे धरले, तर यंत्राविना एका डझनाच्या १०० खोक्यांपैकी सुमारे ६३ खोक्यांत निदान एक साक्याचे फळ जाते. यंत्रानंतर असे सुमारे २४ खोके उरतात. प्रत्यक्षात साका बागेनुसार आणि फळाच्या पक्वतेनुसार कमीजास्त असतो, त्यामुळे हे अंदाज आहेत, हेही त्याच वाक्यात सांगावे. शिवाय ‘यंत्र साक्याच्या चारांपैकी तीन फळे पकडते’ हे विधान केवळ ८० फळांवर उभे आहे. खरे प्रमाण १०० पैकी ६५ ते ८५ यांच्या दरम्यान कुठेही असू शकते.

पैशाचा हिशेब मांडताना प्रत्येक प्रकारच्या चुकीला वेगळी किंमत लावतात. चांगले फळ ६० रुपयांना जाते असे धरू. विनाकारण अडवलेले फळ कॅनिंगला २० रुपयांना जाते, म्हणून तिथे तोटा ४० रुपयांचा. निसटलेल्या फळामागे परतफेड, वाहतूक आणि भरपाई मिळून २०० रुपये जातात. पकडलेले फळ मात्र टाकूनच द्यावे लागते, त्यामुळे तिथेही ६० रुपये बुडतात. उत्साहाच्या भरात हा तोटा सर्रास विसरला जातो. यंत्राविना नुकसान १६,००० रुपये. यंत्रासह ४,०००, ३,६०० व १,८४० मिळून ९,४४० रुपये. दर हजार फळांमागे ६,५६० रुपये वाचतात, आणि यंत्राचा खर्च यातूनच निघायला हवा.

यानंतर व्यवस्थापक हमखास विचारतो: आणखी साका पकडता येणार नाही का? यंत्र अधिक कडक केल्यास समजा ७२ फळे पकडली जातील, पण १५० चांगली फळे अडतील. मग नुकसान ११,९२० रुपयांवर जाते. साका अधिक पकडूनही तोटा वाढतो. निसटलेल्या एका फळाची किंमत सुमारे ४०० रुपयांच्या पुढे गेली, जशी दूरच्या निर्यातीत जाऊ शकते, तरच कडकपणा परवडतो. ही किंमत तंत्रज्ञाला ठाऊक नसते, म्हणून कडकपणा किती ठेवायचा हा निर्णय व्यवस्थापकाचाच असतो.

हंगामाच्या मध्यावर मात्र सादरीकरणातले आकडे शिळे होतात. अडवलेली फळे कॅनिंगला कापली जातात, त्यामुळे विनाकारण अडवणूक आपोआप कळते; निसटलेला साका मात्र ग्राहकाच्या ताटातच कापला जातो. चौदा आणे तयार फळांवर शिकवलेल्या यंत्राकडे पुढे अधिक पक्व फळे आली, तर साक्याचे प्रमाण वाढते आणि खोक्यांचा हिशेब बिघडतो, तरीही अडवलेल्या ढिगाकडे पाहून सारे सुरळीत वाटू शकते. यासाठी ‘चांगले’ ठरलेल्या मालातूनही रोज काही फळे, समजा शंभर, कापून पाहतात. वरील हिशेबाप्रमाणे त्यांत दोनेक साक्याची निघावीत; सलग काही दिवस पाच-सहा निघू लागली, तर जुना हिशेब बाजूला ठेवून नवा मांडतात.