पगारपत्रकावरून दरमाणशी खर्चाची आकारणी

एका कर्मचाऱ्यामागे मालकाला महिन्याला प्रत्यक्षात किती पैसे पडतात, हे पगारपत्रकातल्या आकड्यांवरून काढण्याची पद्धत. पत्रकातला ‘एकूण पगार’ हा या हिशेबाचा पहिला आकडा असतो. मालकाने भरायचा भविष्यनिर्वाह निधी (पीएफ), कर्मचारी राज्य विम्याचा (ईएसआय) हप्ता, बोनस आणि ग्रॅच्युइटीची तरतूद या रकमा त्यावर चढतात. कामगाराच्या पगारातून कापलेला पीएफ, ईएसआय आणि व्यवसाय कर मात्र एकूण पगारातच धरलेला असतो, तो पुन्हा मिळवायचा नाही. छोट्या कारखान्यांच्या हिशेबात ही दुबार बेरीज वारंवार आढळते. तिचे मूळ बहुतेकदा चलनात असते, कारण पीएफच्या चलनात कामगाराचा आणि मालकाचा असे दोन्ही वाटे एकत्र भरले जातात आणि चलनाची पूर्ण रक्कम मालकाच्या खर्चाला लावली जाते.

समजा, महाराष्ट्रातल्या चाळीस कामगारांच्या एका कारखान्यात एका पुरुष कामगाराचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १३,००० रुपये आहेत, आणि त्याच्या कामाचे किमान वेतनही तेवढेच आहे. घरभाडे भत्ता ३,००० आणि ‘इतर भत्ता’ २,००० धरून एकूण पगार १८,००० होतो.

पीएफसाठी मालकाचा वाटा १२ टक्के. त्यातले ८.३३ टक्के निवृत्तिवेतन योजनेत जातात, उरलेले कामगाराच्या खात्यात. शिवाय ठेवसंलग्न विम्याचे अर्धा टक्का आणि प्रशासकीय खर्चाचे अर्धा टक्का असे मिळून मालकावर १३ टक्के येतात. हे टक्के कशावर लावायचे, हाच खरा प्रश्न आहे. अनेक पत्रकांत ते फक्त १३,००० वर लावलेले दिसतात. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले की जो भत्ता सगळ्यांना सरसकट मिळतो, तो पीएफसाठी वेतनच आहे. इथला ‘इतर भत्ता’ प्रत्येकाला मिळत असेल, तर पाया १५,००० होतो आणि मालकाचा वाटा १,६९० ऐवजी १,९५० येतो. (१५,००० ही सक्तीच्या वर्गणीची वेतनमर्यादाही आहे. त्यापुढच्या वेतनावर भरायचे की नाही हे मालक ठरवतो.) महाराष्ट्रात आणखी एक घोळ होतो. किमान वेतनाबरोबर सरकार दर सहा महिन्यांनी जो ‘विशेष भत्ता’ जाहीर करते, तो महागाई भत्ताच असतो. नाव पाहून तो पीएफमधून वगळणे चूक आहे.

फरक माणशी २६० रुपयांचा, म्हणजे चाळीस कामगारांचा वर्षाला १,२४,८०० रुपये. तपासणीत ही थकबाकी निघाली की कामगाराचा न कापलेला वाटाही मालकाच्याच खिशातून जातो, कारण मागाहून तो पगारातून वसूल करता येत नाही. वर १२ टक्के व्याज आणि दंड. म्हणून आज वाचलेले दिसणारे हे २६० रुपये खर्चात धरलेलेच बरे.

ईएसआयचा मालकाचा हप्ता जुलै २०१९ पासून ३.२५ टक्के आहे आणि तो घरभाड्यासह एकूण पगारावर लागतो. १८,००० वर ५८५ रुपये. इथे सूत्र लिहिताना चूक होते ती पात्रतेची. २१,००० ची मर्यादा पगाराच्या ठरलेल्या दराला लावायची, त्या महिन्यात हाती आलेल्या कमाईला नाही. दर २४,००० असलेला माणूस आठवडाभर बिनपगारी राहिला आणि त्याची कमाई १९,००० च्या आत आली, तरी तो ईएसआयमध्ये येत नाही. उलट दर २०,००० असलेल्याची कमाई ओव्हरटाइममुळे २२,५०० झाली, तरी तो बाहेर पडत नाही आणि हप्ता ओव्हरटाइमसकट द्यावा लागतो. त्यामुळे पत्रकात दर आणि कमाई यांचे रकाने वेगळे हवेत. खाली B मध्ये ओव्हरटाइम सोडून ठरलेला दर, C मध्ये मूळ वेतन व महागाई भत्ता, E मध्ये इतर भत्ता आणि F मध्ये महिन्याची एकूण कमाई आहे:

```
=ROUND(MIN(15000,C2+E2)*13%,0)
=IF(B2<=21000,ROUNDUP(F2*3.25%,0),0)
```

पहिली ओळ पीएफची, दुसरी ईएसआयची. एक अपवाद सूत्रात मावत नाही. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे दोन काळ असतात. जुलैत पगारवाढीने कुणी २१,००० ओलांडले, तर हप्ता सप्टेंबरअखेर चालूच राहतो. त्यानंतर त्याच्यासाठी गटविमा आणि कामगार भरपाईची पॉलिसी काढावी लागते. तिचा वार्षिक हप्ता बाराने भागून इथे लिहावा.

बोनस बहुतेक ठिकाणी दिवाळीआधी एकरकमी दिला जातो. तो त्याच महिन्याच्या खर्चात टाकला तर ऑक्टोबर फुगतो आणि बाकीचे महिने स्वस्त दिसतात. म्हणून दरमहा तरतूद करायची. किमान दर ८.३३ टक्के, आणि तो ७,००० किंवा किमान वेतन यांपैकी जे जास्त असेल त्यावर. अजूनही सवयीने ७,००० वर बोनस काढणारे आहेत. त्यांच्या हिशेबात महिन्याला ५८३ येतात, प्रत्यक्षात १३,००० वर १,०८३ द्यावे लागतात. नफा चांगला झाला तर दर २० टक्क्यांपर्यंत जातो आणि हाच आकडा २,६०० होतो, त्यामुळे या हिशेबातला सर्वांत अनिश्चित भाग हाच. बोनसच्या पात्रतेची मर्यादाही २१,००० असली, तरी तिच्यात घरभाडे मोजत नाहीत. घरभाड्याचे ४,००० धरून २३,००० घेणारा ईएसआयबाहेर असतो, पण बोनसचा हक्कदार असतो.

ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांचे वेतन, महिना २६ दिवसांचा धरून. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रम संहितांमध्ये वेतनाची व्याख्या रुंद झाली आहे, म्हणून इथे पाया १५,००० धरला आहे. वर्षाचे ८,६५४, महिन्याचे ७२१. कायम नोकरीत पाच वर्षांआधी सोडून जाणाऱ्याला सहसा ती मिळत नाही, म्हणून माणसे लवकर बदलत असतील तर ही तरतूद थोडी जास्त ठरते.

एकूण बेरीज: १८,००० + १,९५० + ५८५ + १,०८३ + ७२१ = २२,३३९ रुपये. त्याच कामगाराच्या हातात १,८०० पीएफ, १३५ ईएसआय आणि २०० व्यवसाय कर जाऊन १५,८६५ पडतात. पगाराच्या बोलणीत कामगाराच्या डोळ्यांपुढे पंधरा हजार असतात आणि मालकाच्या डोळ्यांपुढे बावीस. दोघेही खरे बोलत असतात.

कामाची किंमत लावताना आणखी एक पायरी लागते. वर्षाचा खर्च २,६८,०६८. साप्ताहिक सुट्ट्या ५२, सणांच्या ८ आणि भरपगारी रजा १५ धरल्या, तर कामाचे दिवस २९० उरतात आणि दिवसाला ९२४ रुपये पडतात. १८,००० ला २६ ने भागून येणारे ६९२ रुपये धरून कोटेशन दिले, तर प्रत्येक मनुष्यदिवसामागे २३२ रुपये तुटतात.

हिशेब बरोबर आहे का, हे पीएफच्या चलनावरून ताडता येते. या कामगारापुरते चलनात ३,७५० भरले जातात. त्यातून त्याच्या पगारातले १,८०० वजा केले की १,९५० उरले पाहिजेत. सगळ्या कामगारांची अशी बेरीज काही रुपयांनी चुकली तर ते पूर्णांकाचे अंतर समजावे. शेकड्यांत चुकली, तर एखादा भत्ता पायातून सुटला आहे किंवा महिन्याच्या मधे रुजू झालेल्या कुणाचे हजेरीचे दिवस चुकीचे पडले आहेत.