धंद्याचा विमा : आधी कशाचा काढायचा आणि काय थांबलं तरी चालतं

विमा काढायला आमच्याकडे येणारे निम्मे छोटे दुकानदार, वर्कशॉपवाले एकच वाक्य बोलतात, "बँकेने काढलाय की हो विमा, आणखी कशाला?" प्रत्येकाला तोंडी समजावण्यात अर्धा दिवस जातो, म्हणून हे लिहून ठेवलंय. पॉलिसी काढायच्या आधी एकदा वाचा.

बँकेने काढलेला विमा बघा. तुम्ही आठ लाखाची सीसी, म्हणजे मालावर मिळणारं कॅश क्रेडिट कर्ज, घेतली की बँक आठ लाखाचीच पॉलिसी काढते, कारण तिला तिचे आठ लाख सांभाळायचेत, तुमचं दुकान नाही. त्यात चूक काही नाही, पण दुकानात माल वीस लाखाचा असतो.

आता समजा नाशिकच्या सराफ बाजाराकडे तुमचं साड्यांचं दुकान आहे आणि २०१६ किंवा २०१९ सारखं गोदेचं पाणी आत आलं, खालच्या दोन फळ्या चिखलात गेल्या, नुकसान पाच लाखाचं. तुम्ही म्हणाल आठ लाखाचा विमा आहे ना, मग पाच मिळतीलच. नाही मिळत. माल वीसचा आणि विमा आठचा म्हणजे चाळीस टक्केच विमा, म्हणून नुकसानही चाळीस टक्केच भरून मिळतं, म्हणजे दोन लाख, त्यातून एक्सेस, म्हणजे क्लेममधला तुम्ही स्वतः सोसायचा वाटा, कापला जातो तो वेगळा. आणि पॉलिसीवर बँकेचं नाव असल्याने ते पैसे आधी बँकेकडे जातात. विमा कमी तेवढी भरपाई कमी, याला ॲव्हरेज म्हणतात आणि पॉलिसीत ते स्पष्ट लिहिलेलं असतं, फक्त कुणी वाचत नाही.

छोट्या धंद्यांसाठी एप्रिल २०२१ पासून भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची पॉलिसी आहे, एका जागेवरची मालमत्ता पाच कोटीपर्यंत असेल तर ती चालते. आग, पूर, वादळ, भूकंप एकाच पॉलिसीत येतात आणि विम्याची रक्कम पंधरा टक्क्यांपर्यंत कमी पडली तर ॲव्हरेज लावत नाहीत. म्हणजे वीस लाखाच्या मालाला अठराचा विमा असता तर पाच लाखाचा क्लेम एक्सेस सोडून पूर्ण बसला असता. आठचा असल्यावर ही सवलत कामाला येत नाही.

लोक अजून एक गंमत करतात. डीपी, म्हणजे सीसीतून उचलता येणारी रक्कम, जास्त मिळावी म्हणून बँकेला महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये माल फुगवून दाखवतात आणि विमा मात्र कमीचा काढतात. नुकसान तपासायला विमा कंपनीचा सर्व्हेयर आला की दोन्ही कागद शेजारी ठेवतो, मग आम्ही काय बोलणार. म्हणूनच आम्ही कोटेशनच्या आधी खरेदीची बिलं, स्टॉक स्टेटमेंट आणि दुकानाचे फोटो मागतो, काही जणांना ते जाच वाटतं, वाटू दे. मालाची किंमत खरेदीभावाने धरायची, विक्रीच्या भावाने नाही, आणि दिवाळीच्या आधी भरतो तेवढा माल धरायचा. माल दुसऱ्या गोडाऊनमध्ये हलवला तर तो पत्ता पॉलिसीवर चढवून घ्यायचा.

मालाच्याही आधी दोन गोष्टी येतात. डिलिव्हरीच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा कायद्याने लागतोच. दुसरं म्हणजे हाताखालची माणसं. अंबडला, सातपूरला प्रेस मशीनवर दोन-तीन पोरं काम करतात, ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू नाही म्हणजे जबाबदारी नाही असं मालकांना वाटतं, पण प्रेसमध्ये बोटं गेली तर कर्मचारी भरपाईच्या कायद्याने पैसे मालकालाच द्यावे लागतात आणि ती रक्कम त्याच्या पगारावर आणि वयावर ठरते. तरण्या पोराच्या बाबतीत ती कित्येक लाखांत जाते, माल भिजल्यापेक्षा हे जड पडतं. यासाठी वेगळी पॉलिसी मिळते, आम्ही ती पहिली काढायला सांगतो. आणि धंदा एकट्या तुमच्यावर चालत असेल तर स्वतःचा मेडिक्लेमही याच रांगेत धरा, कारण दवाखान्याचं बिल शेवटी गल्ल्यातूनच जातं.

चोरीचं धंद्यावर ठरतं. सोनं, मोबाईल विकत असाल तर लगेच घ्या, लोखंडाची फॅब्रिकेशन करत असाल तर पुढच्या वर्षी बघू. एक लक्षात ठेवा, चोरीच्या पॉलिसीत सहसा कुलूप किंवा शटर तोडल्याची खूण लागते, गिऱ्हाईकाने हळूच पिशवीत टाकलेली साडी किंवा वर्षअखेरीला कमी भरलेला स्टॉक त्यात येत नाही.

काच, बोर्ड, लॅपटॉप, बँकेत नेताना कॅश, हे सगळं थांबू शकतं. त्यातलं नुकसान झालं तर वाईट वाटतं, धंदा बंद पडत नाही. हे कव्हर आम्हीही विकतो, पण पहिल्या वर्षी नका घेऊ, तेच पैसे मालाची रक्कम वाढवायला लावा.

आणि हो, "कमिशनमधून थोडं परत द्या" असं प्लीज म्हणू नका, विमा कायद्याच्या कलम ४१ ने ते बंद आहे. बँकेची पॉलिसी आणि शेवटचं स्टॉक स्टेटमेंट घेऊन या, रक्कम कमी पडतेय का ते आम्ही बघून सांगतो, त्याचे पैसे घेत नाही. शक्यतो मे संपायच्या आत या, गोदेच्या पात्रातला दुतोंड्या मारुती बुडायला लागल्यावर फोन येतात आणि तेव्हा नवीन पॉलिसी द्यायला कंपन्या तयार नसतात.